लैंगिक छळाची तक्रार: एचआर उत्तर देत नाही तेव्हा

«एचआरला मेल टाकला आणि उत्तर आलं नाही, तर विषय तिथंच संपला. कंपनीत समितीच नसेल तर बाहेर कुणी दाद देत नाही. आणि तीन महिने उलटले की सगळंच हातातून गेलं.»

असं अनेकजणी धरून चालतात. यातलं शेवटचं वाक्य थोडंफार खरं आहे, आणि म्हणूनच पहिल्या दोन वाक्यांवर विश्वास ठेवणं महागात पडतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातली साठेक माणसांची कंपनी, तक्रार टीम लीडरविरुद्ध. शेवटचा प्रकार ३ जानेवारी २०२५ रोजी घडला. तक्रारदार महिलेने १० तारखेला एचआरला मेल केला, उत्तर नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार ऐकायची असते ती कंपनीतल्या अंतर्गत समितीने, आणि एचआरकडे पडून राहिलेला मेल समितीपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून पुढचा कागद समितीच्या अध्यक्षांच्या नावानेच जायला हवा. समितीत बाहेरचा एक सदस्य असावाच लागतो. त्याला प्रत लावावी, कारण त्याचा पगार ही कंपनी देत नाही. समितीची नावं कार्यालयात दर्शनी जागी लावणं मालकावर बंधनकारक आहे. फलक दिसत नसेल तर एचआरला एवढंच विचारावं: «अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं व ईमेल कृपया शुक्रवारपर्यंत कळवावेत. १० जानेवारीच्या माझ्या मेलला अद्याप उत्तर आलेलं नाही.» बस. राग, इतिहास, धमकी काही नको. या मेललाही उत्तर आलं नाही, तर समिती अस्तित्वात नसावी याचा लेखी माग तयार होतो.

समजा नावं मिळाली आणि तिने २० जानेवारीला तक्रार दिली. नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं. समितीने सात कामाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला पाठवायची, म्हणजे शनिवार-रविवार सुट्टी धरली तर २९ जानेवारीपर्यंत. त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, म्हणजे साधारण २० एप्रिल. त्यानंतर दहा दिवसांत अहवाल मालकाकडे, आणि अहवाल मिळाल्यापासून साठ दिवसांत मालकाने कारवाई करायची. पाठपुराव्याचे मेल याच तारखांना जोडावेत. «काय झालं?» या प्रश्नाला टोलवता येतं. «समोरच्या व्यक्तीला प्रत कोणत्या तारखेला पाठवली?» या प्रश्नाला तारीखच द्यावी लागते. चौकशी चालू असताना समोरच्याच्या किंवा स्वतःच्या बदलीची, किंवा तीन महिन्यांपर्यंतच्या रजेची लेखी मागणी करता येते. ती न मागितल्यामुळे अनेकजणी त्याच माणसाच्या हाताखाली बसून राहतात.

हे सगळं ऑफिसच्याच मेलवर ठेवू नये. नोकरी सुटली की तो मेल त्याच दिवशी बंद होतो. तक्रार स्वतःच्या ईमेलवरून पाठवावी, शिवाय स्पीड पोस्टाने, पोच घेऊन.

आता बाहेरची दारं. दहापेक्षा कमी कामगार असल्यामुळे समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर थेट जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. साठ माणसांच्या कंपनीत समिती नसेल तर तो मालकाचाच गुन्हा, पहिल्यांदा पन्नास हजारांपर्यंत दंडाचा, आणि त्यासाठी न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार पीडित महिलेला आहे. जिल्हा अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या ऑनलाइन पोर्टलवर (shebox.wcd.gov.in) तक्रार नोंदवावी, तिथे ती कुठवर पोचली हे दिसतं. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात, डिसेंबर २०२४ मध्ये, न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समिती नेमण्याचे आदेश दिले होते. तेव्हा «आमच्याकडे असं काही नसतं» असं काउंटरवर ऐकू आलं, तर तेच लेखी मागावं. मात्र समाजमाध्यमं हे बाहेरचं दार नव्हे: तक्रारीतला मजकूर आणि संबंधितांची ओळख प्रसिद्ध करायला कायद्याची मनाई आहे.

राहिले तीन महिने. ते शेवटच्या घटनेपासून मोजतात, एचआरच्या उत्तरापासून नव्हे. आपल्या उदाहरणात ३ एप्रिल. लवकर येता आलं नाही याचं कारण पटलं, तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते, म्हणजे ३ जुलै. इथे पाठपुराव्याचे जुने मेल कामी येतात. त्यापलीकडे समितीचं दार बंद. कोलकात्याच्या विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धच्या प्रकरणात शेवटची घटना एप्रिल २०२३ ची आणि तक्रार डिसेंबरची होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती मुदतबाह्यच ठरवली. नंतरच्या प्रशासकीय कारवाया छळाचाच पुढचा भाग आहेत, हे म्हणणं टिकलं नाही. पोलिसांकडे जायला मात्र ही तीन-सहा महिन्यांची मुदत लागू नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हा नोंदवता येतो, त्यासाठी समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही, आणि तिने मागितल्यास तक्रार नोंदवायला तिला मदत करणं हे मालकाचंच कर्तव्य आहे. ती मदतही लेखीच मागावी.