गुलाब सहाच्या आत पोचला पाहिजे

पहाटे साडेपाचला शुभ सकाळचं चित्र पाठवायला मोबाईल हातात घेण्याआधी चष्मा शोधा. ही पायरी बरेच जण गाळतात. मग मंगळवारी 'शुभ सोमवार' जातो, नाहीतर तळाशी वॉर्डातल्या कुणा भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो असलेलं चित्र सासरच्या मंडळींना पोचतं, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत तुम्ही त्या पक्षाचे ठरता. चित्राचा वरचा कोपरा वाराचा असतो आणि खालची पट्टी प्रायोजकाची. दोन्ही तपासल्याशिवाय बोट हलवू नका. सुविचार वाचला नाही तरी चालतो, कारण तो पलीकडेही कुणी वाचत नाही.

आता वाटपाकडे वळू. समजा तुमच्याकडे मोजून ४२ नातेवाईक आहेत: निम्मे बेळगाव-खानापुरात, काही निपाणी आणि कोल्हापुरात, एक आत्या फोंड्याला, आणि एक घर गोकाकला, जिथं तुमची पुतणी दिली आहे. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येतो. २०१८ मध्ये अफवांवरून माणसं मारली जाऊ लागली तेव्हा भारतात ही मर्यादा आली, आणि अफवांबरोबर आपला गुलाबही तिच्यात सापडला. म्हणजे ४२ जणांना नऊ फेऱ्या. पण चित्रावर दुहेरी बाण असेल, म्हणजे ते आधीच बऱ्याच हातांतून फिरून आलं असेल, तर २०२० पासून ते एका वेळी एकाच ठिकाणी जातं. बेचाळीस फेऱ्या होईपर्यंत शुभ सकाळची शुभ दुपार होते.

जाणकार यावर चित्र गॅलरीत उतरवून घेतात आणि तिथून नव्यानं पाठवतात. बाण गळून पडतो, चित्र तुमच्या घरचं असल्यासारखं दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा. नुसतं पुढे ढकललेलं चित्र होतं तसं जातं, पण गॅलरीतून पाठवलेलं दर वेळी नव्यानं दाबून बारीक केलं जातं. असं सात-आठ घरं फिरलं की विठोबाचा चेहरा आणि गळ्यातला तुळशीहार एकाच रंगाचा होतो. सकाळी आलेलं चित्र देवाचं आहे की ढोकळ्याचं, हे कळेनासं झालं तर ते नात्यात किती फिरलंय याचा अंदाज बांधा.

याहून सोपा मार्ग ब्रॉडकास्ट लिस्टचा. एका यादीत २५६ माणसं बसतात आणि एका झटक्यात सगळ्यांना जातं, तेही प्रत्येकाला एकट्यालाच पाठवल्यासारखं. पण मेसेज त्यालाच पोचतो ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये नावानं साठवलाय. आता त्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि 'इन्फो' उघडा. बेचाळीसपैकी पस्तीस नावं 'डिलिव्हर्ड'खाली दिसतील. उरलेल्या सातांत एखाद्याचा फोन बंद असेल. पण जो दिवसभर दुसऱ्या ग्रुपवर राजकारण करतो आणि इथं आठवडाभर दिसत नाही, त्यानं तुमचा नंबर साठवलेलाच नाही असं समजायला हरकत नाही. नात्यातलं खरं ऑडिट हेच. ज्याच्या मुलीच्या लग्नात तुम्ही अक्षता टाकल्या, वर भांडीही दिलीत, त्याच्या फोनमध्ये तुम्ही नुसता दहा आकडी नंबर आहात, हे सकाळी सहाला कळणं दिवसाच्या सुरुवातीला उत्तम.

शुभ सकाळ ही आहेराच्या वहीसारखी चालते: जेवढं आलं तेवढं परत, उशीर झाला तर नोंद. त्यामुळे आलेलंच चित्र आलेल्यालाच परत पाठवू नका. असं होतं, आणि कंटाळ्याची पहिली खूण तीच. दुसरी खूण म्हणजे मेसेज न उघडता वरच्या सूचनेतूनच हात जोडून मोकळं होणं.

तिसरी खूण मात्र महागात पडते. खानापूरहून पहाटे पावणेसहाला ग्रुपवर येतं: 'आप्पांचं रात्री निधन झालं. अंत्यविधी सकाळी ११ वाजता.' खाली सहा गुलाब, दोन गणपती आणि एक 'आयुष्य सुंदर आहे, हसत रहा'. पाठवणारे दगडाच्या काळजाचे नसतात. दोष रीतीत आहे. चित्र पुढे ढकलताना समोर फक्त ग्रुपांच्या नावांची यादी येते. नावावर टिचकी, बाण, झालं. ग्रुपमध्ये शेवटचं काय लिहिलंय ते त्या रस्त्यानं धड दिसतच नाही. म्हणून घरच्या ग्रुपवर गुलाब टाकायचा तर आधी ग्रुप उघडावा, शेवटचे तीन मेसेज वाचावेत, आणि मगच चित्र जोडावं. चूक झालीच तर 'डिलीट फॉर एव्हरीवन'ला साधारण अडीच दिवसांची मुदत आहे, पण त्या जागी मेसेज डिलीट केल्याची ओळ राहते. निधनाच्या बातमीखाली अशा नऊ ओळी रांगेनं उभ्या राहिल्या की कुणी काय टाकलं होतं हे विचारावं लागत नाही. आणि घाबरून 'डिलीट फॉर मी' दाबलंत तर तुमच्या फोनवरून गुलाब जातो आणि बाकी सगळ्यांकडे राहतो. ते परत फिरवायला काही सेकंदच मिळतात, आणि तेवढ्यात चष्मा सापडत नाही.

आपल्या भागात याशिवाय पंचांगाचा अभ्यास लागतो. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला एक कॅलेंडर पुरतं, सीमाभागात ते पुरत नाही. शिवजयंतीच घ्या. १९ फेब्रुवारीला कोल्हापूरकडून ढीग येतो, फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीवाल्यांचा येतो, आणि बेळगावची परंपरा वैशाख शुद्ध द्वितीयेची. तीन वेळा अभिवादन करा, तक्रार नको. पण वैशाखातल्या त्या द्वितीयेच्या दुसऱ्याच दिवशी अक्षय्य तृतीया, आणि त्याच दिवशी बसव जयंती. गोकाकच्या व्याह्यांकडून ती सकाळीच येते, आणि तिला उत्तर म्हणून कालचं उरलेलं चित्र पाठवणं बरं दिसत नाही. बेंदराचंही तसंच: कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला, पोळा श्रावण अमावास्येला. बैलाचं एकच चित्र सांभाळून ठेवलंत तर दोन्हीकडे चालतं. त्यावर फक्त सणाचं नाव लिहिलेलं नसावं.

भाषेचा प्रश्न उरतोच. व्याह्यांना 'शुभोदय' कन्नडात पाठवला तर ते खूश होतात, पण लिपी वाचता येत नसेल तर सुंदर फुलांचं चित्र बघून ते ढकलण्याआधी घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला दाखवा. इथं कन्नड वाचायला शाळेनं शिकवलेली पिढी घरोघरी आहे, तिचा एवढा तरी उपयोग व्हावा. फुलांखाली साडीच्या दुकानाचा सेल असू शकतो, किंवा श्रद्धांजलीही.

१ नोव्हेंबरला विशेष सावध राहा. एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिन, आणि बेचाळीस जणांत दोन्ही बाजू. त्या दिवशी लाल आणि पिवळा गुलाब एकाच चित्रात नको. काळ्या पार्श्वभूमीवरचा सुविचारही नको, तो एरवी कितीही निरुपद्रवी असला तरी. पांढरा मोगरा पाठवा, त्यावर अक्षर नको, आणि दिवसभर ग्रुपवर दुसरं काही लिहू नका.

एवढं सगळं करूनही कंटाळा आलाच, तर मूर्ख माणूस एकदम थांबतो. पहिले दोन दिवस कुणाला कळत नाही. तिसऱ्या दिवशी निपाणीहून मामींचा फोन येतो, 'बरं हाय न्हवं सगळं?', मग आत्याचा, मग दोघींनी एकमेकींना केलेल्या फोनवरून तिसरीचा. तुमची तब्येत, बायकोशी भांडण, मुलाची नोकरी, या क्रमानं संशय पुढे सरकतो. एक चित्र ढकलायला पाच सेकंद लागत होते, आता रोज पाऊण तास खुलासा. गंमत अशी की यात मामींचं चुकत नाही. घरात एकटं राहणारं म्हातारं माणूस रोज सहाला फूल टाकतं तेव्हा ते शुभेच्छा कमी आणि हजेरी जास्त असते. ज्यांचं फूल सहाला येतं आणि आज आठपर्यंत आलं नाही, त्यांना तुम्हीही फोन लावताच. म्हणून शांत करायचं ते ग्रुपला करा, त्या दोन-चार नंबरांना नको.

शांत करणंही टप्प्यानं करावं. म्यूटमध्ये आठ तास, एक आठवडा आणि कायम असे पर्याय आहेत. 'कायम' निवडा, समोरच्याला कळत नाही. मग अर्काइव्ह, म्हणजे ग्रुप डोळ्यांसमोरून जातो. मीडियाचं आपोआप डाउनलोड बंद करा. रोजची साठ चित्रं, प्रत्येकी दीडशे केबी धरली तरी दिवसाला नऊ एमबी आणि वर्षाला सव्वातीन जीबी होतात, आणि बॅकअप चालू असेल तर तीच फुलं गूगलच्या फुकटच्या १५ जीबीतही जागा अडवतात. आधीची साफ करायची तर सेटिंग्जमध्ये स्टोरेजचं पान उघडा. तिथं 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असा वेगळा गठ्ठा बांधून ठेवलेला असतो. सगळे निवडा आणि काढा. त्यात घरच्या बारशाचा फोटो सहसा सापडत नाही, तो कुणी एवढा पुढे पाठवतच नाही.

निळ्या खुणा बंद केल्या की आपण वाचलं हे कळणार नाही, असा समज करून घेऊ नका. एकट्याच्या गप्पांत ते खरं, ग्रुपमध्ये मात्र खूण दिसतेच, आणि काकांना इन्फो उघडता येतं.

ग्रुप सोडायचाच तर आता ते गाजावाजा न करता होतं, फक्त ॲडमिनला कळतं. ॲडमिन तुमचे थोरले काका. सोडून गेलेल्यांची यादी साठ दिवस ग्रुपच्या माहितीत राहते, तेवढ्यात एक तरी बारसं किंवा साखरपुडा येतोच आणि त्या यादीचं जाहीर वाचन होतं. मग 'परिवार नवीन' नावाचा ग्रुप निघतो आणि तुम्ही त्यात असता. हे टाळायला प्रायव्हसीत ग्रुपांसाठी 'माझे कॉन्टॅक्ट, यांना सोडून' असा पर्याय आहे. त्यात काकांचं नाव घाला. मग त्यांना तुम्हाला थेट ओढता येत नाही, खासगी निमंत्रण पाठवावं लागतं. ते तीन दिवसांत बाद होतं. चौथ्या दिवशी नवं येतं, आणि त्याच्या वर एक गुलाब असतो.