चढली नव्हती, साखर उतरली होती

«वय झालं की यकृत थकतं, म्हणून तीच दारू जास्त चढते.»

उतारवयातल्या दारूवरच्या लेखात हे वाचलं, पण यकृतापेक्षा मोठं कारण शरीरातलं पाणी. वयानुसार स्नायू घटतात, त्यांच्यासोबत पाणीही घटतं. दारू पाण्यातच पसरते. त्यामुळे चाळिशीतले दोन पेग सत्तरीत रक्तात जास्त दाट होतात, माणसाने एक थेंबही वाढवला नसला तरी.

शिवाय त्या लेखात गोळ्यांचा विषय राहूनच गेला, आणि आमच्या घरात घात त्यांनीच केला असता. तासगावचे माझे मामा, वय ६८, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू. लग्नघरी रात्री दोन पेग घेतले आणि जेवण जवळजवळ टाळलंच. पहाटे मामी उठवायला गेली तर बनियन घामाने चिंब, जीभ जड, बोलणं असंबद्ध. सगळे म्हणाले, "अजून उतरली नाही, झोपू द्या." मामीने मात्र मशीनवर साखर बघितली, ४८! गिळता येत होतं म्हणून लगेच साखरपाणी पाजलं आणि सांगलीला दवाखान्यात नेलं. या गोळीने साखर पुन्हा पुन्हा उतरते, म्हणून डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं. गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहते, आणि दारू जिरवण्यात गुंतलेलं यकृत नवी साखर बनवत नाही. उतारवयात मूत्रपिंडं मंदावली असतील तर गोळीचा अंमलही लांबतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, थेट १०८ ला फोन करा.