चेष्टा वाया घालवण्याची खात्रीशीर रीत

मित्राची चेष्टा तर करायची, पण त्याला हसू येऊ द्यायचे नाही, असा आपला निश्चय असेल, तर ती लिहून पाठवण्यासारखा दुसरा उपाय नाही. समजा, नेहमी उशिरा येणारा मित्र ठरलेल्या भेटीला चक्क दुसऱ्या दिवशी उगवला आणि आपल्याला म्हणायचे आहे, "वा, अगदी वेळेवर आलास! फक्त तारीख चुकली." लिहिलेली ही दोन्ही वाक्ये एकदमच नजरेत भरतात, त्यामुळे कौतुक खरे मानायला त्याला क्षणाचीही सवड मिळत नाही आणि हाती उरतो तो निव्वळ टोमणा. शेवटी हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह जोडावे, म्हणजे तो टोमणा दात दाखवत मारल्यासारखा वाटेल.

काही चतुर मंडळी मात्र हेच बोलून पाठवतात. पहिले वाक्य ते मनापासून, आवाज चढवून म्हणतात, मग सेकंदभर गप्प बसतात आणि दुसरे वाक्य खालच्या पट्टीत, जणू किरकोळ माहिती द्यावी तसे सोडून देतात. त्या एका सेकंदात ऐकणारा खुलतो आणि नेमका तिथेच सापडतो. आपल्याला खोडून काढायचा आहे तो हाच सेकंद.

त्यासाठी आरंभीच "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस हं" असे बजावावे आणि तारखेचा उल्लेख येण्याआधीच स्वतः खिदळून घ्यावे. पाठवण्यापूर्वी संदेश ऐकून पाहण्याची सोय असतेच; तिचा लाभ घेऊन तो पुनःपुन्हा रेकॉर्ड करावा, म्हणजे आवाजातला ताजेपणा जाऊन पाठांतराचा सूर लागेल. मुख्य म्हणजे सहा सेकंदांचा मजकूर पाल्हाळ लावून तीन मिनिटांवर न्यावा. व्हॉट्सॲपवर 2021 पासून आवाजी संदेश दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकता येतो आणि संदेशाची लांबी आधीच दिसत असल्यामुळे तीन मिनिटांचा आकडा पाहून ऐकणारा वेग वाढवणार, हे जवळपास ठरलेलेच. दुप्पट वेगात आपल्या विरामाचा अर्धा सेकंद उरतो आणि खालच्या पट्टीतले वाक्य घाईघाईने दिलेल्या तक्रारीसारखे ऐकू येते. सहा सेकंदांच्या संदेशाचा वेग वाढवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही, म्हणून तो धोक्याचा.

व्हिडिओ संदेशाने तर काम आणखी सोपे होते. व्हॉट्सॲपवरचा गोल चौकटीतला छोटा व्हिडिओ चॅटमध्ये आधी आवाजाविना सुरू होतो. शब्द नंतर, चेहरा अगोदर. गंभीर चेहरा ठेवणाऱ्याचे गुपित शेवटपर्यंत टिकते, तेव्हा आपण पहिल्या क्षणापासून ओठ दाबून हसत राहावे.

एवढे करूनही तो खदखदून हसलाच, तर आपण गंमत करत होतो, असे त्याला सविस्तर लिहून कळवावे.