चेहरा शंभर टक्के, मग प्रॉम्प्ट कशाला?

दादरचं गिऱ्हाईक एआयनं चित्र करून घ्यायला पासपोर्ट फोटो पाठवतं आणि सांगतं, मरीन ड्राइव्हवर पावसात, मान वळवून खळखळून हसताना दाखवा. वर हुकूम, चेहरा शंभर टक्के तोच हवा! अहो, फोटोची छाप किती पडावी ते ठरवणारं weight 1.0 वर नेलं की फोटोतली ताठ मान, मिटलेले ओठ, स्टुडिओचा सपाट उजेड, सगळंच चित्राला चिकटतं. हसू येणार कुठून? 0.4 वर आणलं की हसू येतं, पण बाई तिसरीच! एआय चित्र पायरीपायरीनं घडवतं आणि त्याची मांडणी पहिल्या काही पायऱ्यांतच ठरते, हे कुणी ऐकतच नाही. weight 0.7 आणि फोटोची छाप कधीपासून पडावी ते सांगणारं start_at 0.2 ठेवा, म्हणजे आधी प्रॉम्प्ट मान वळवतो, मग चेहरा बसतो. आणि हसतानाचा, तिरक्या मानेचा एक फोटो पाठवायला काय जातं हो तुमचं?