मध गोठला आणि आत्याने तो आटवला

«शुद्ध मध कधीच गोठत नाही. फ्रीजमध्ये ठेवून बघा, खाली साखर जमली तर समजा भेसळ. असा मध उकळून घ्या, साखर खाली बसते. शुद्ध मधाचा थेंब पाण्यात न विरघळता तळाशी जातो. मधात बुडवलेली वात पेटली तर मध असली. शुद्ध मधात पाणी नसतं आणि साखरही नसते, म्हणून शुगरवाल्यांनी बिनधास्त खावा. कुत्रा शुद्ध मधाला तोंड लावत नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

हा मेसेज मला दोन वर्षांत किमान सहा जणांनी पाठवला असेल. सहाही वेळा मी अंगठा दाखवून गप्प बसलो. डिसेंबरात तो नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या आत्याकडे पोहोचला आणि तिने तो शब्दशः पाळला. सकाळी फोन आला, "अरे, तू आणलेल्या मधात सगळी साखर निघाली बाप्पा! अर्धी बाटली भरली साखरेनं. मी आटवून राहिली आहे." मी पोहोचेपर्यंत स्टीलच्या पातेल्यात अर्धा किलो मध फेसाळून तपकिरी झाला होता आणि घरभर चिक्कीचा वास सुटला होता. "खाली काही बसलं नाही पण," पातेलं तिरपं करून ती म्हणाली. बसणार काय होतं?

दुसरी बाटली सुदैवाने अजून फळीवरच होती. खाद्यपदार्थ तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ती बाटली आणि पातेल्यातला थोडा मध, दोन्ही मी प्रयोगशाळेत नेले.

न उकळलेल्या बाटलीत १८.२ टक्के पाणी निघालं, ३८.६ टक्के फ्रुक्टोज, ३६.८ टक्के ग्लुकोज आणि १.९ टक्के सुक्रोज, म्हणजे आपली रोजची साखर. आता ती बाटली का गोठली ते या आकड्यांतच आहे. फ्रुक्टोज पाण्यात प्रचंड विरघळतं, ते बाहेर पडत नाही. ग्लुकोज त्या मानाने हट्टी. २० अंश तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ९० ग्रॅम ग्लुकोज मावतं. आत्याच्या मधात १८ ग्रॅम पाण्याच्या वाट्याला जवळपास ३७ ग्रॅम ग्लुकोज आलं होतं, म्हणजे पाण्याच्या दुप्पट. क्षमतेच्या कितीतरी वर भरलेल्या एसटीसारखी ही अवस्था आहे. एखादा परागकण किंवा हवेचा बुडबुडा निमित्ताला मिळाला की ग्लुकोज खडे धरून उतरायला लागतं. मध तपासणारे यासाठी ग्लुकोज भागिले पाणी असा साधा हिशेब करतात. उत्तर १.७ च्या खाली असेल तर मध बराच काळ पातळ राहतो, २ च्या पुढे गेलं की लवकर गोठतो. आत्याचं उत्तर २.०२. मध मोहरीचा होता. राजस्थान-हरियाणात मोहरीच्या शेतात पेट्या ठेवणाऱ्या कोणालाही विचारा, हा मध काही आठवड्यांत घट्ट होतो हे त्यांना पाठ असतं.

हिवाळ्यात तूप रवाळ झालं की आपण कौतुक करतो. मधाच्या रव्याला मात्र लगेच साखर म्हणून मोकळे. तो रवा चिमटीत घेऊन चोळा, विरघळतो. बाजारातल्या साखरेच्या दाण्यासारखा टोचत नाही.

फ्रीजच्या परीक्षेची तर गंमतच आहे. खडे सर्वांत जोमाने वाढतात ते १४ अंशांच्या आसपास. फ्रीजमध्ये ४-५ अंशांना मध इतका दाट होतो की ग्लुकोजला हलायलाच जागा उरत नाही, आणि गोठणं उलट मंदावतं. नागपुरात डिसेंबरच्या रात्री स्वयंपाकघराची फळीच नेमक्या त्या तापमानाला येते. म्हणून ज्याला गोठायचं तो बाहेरच गोठतो.

आणि या समजुतीने होतं काय? कधीच न गोठणारं गोड द्रव हवं असेल तर ते कारखान्यात सहज बनतं. ज्या सिरपमध्ये ग्लुकोज कमी आणि फ्रुक्टोज किंवा माल्टोज जास्त, ते हिवाळाभर चकचकीत पातळ राहतं. गिऱ्हाईक गोठलेली बाटली परत करतं, पातळ बाटली आनंदाने नेतं, आणि दुकानदार पुढच्या वेळी काय मागवेल ते उघड आहे.

आता पातेल्याकडे. मध तापला की त्यातल्या आम्लामुळे फ्रुक्टोजमधून पाणी निघून जातं आणि एचएमएफ नावाचा पदार्थ तयार होतो. ताज्या मधात तो अगदी थोडा असतो. आपल्याकडे खाद्यपदार्थांची मानकं ठरवणाऱ्या एफएसएसएआयने त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम ठेवली आहे. न उकळलेल्या बाटलीत ११ होता. पातेल्यातल्या मधात १३० च्या वर गेला. डायस्टेज हे मधमाशीकडून आलेलं एन्झाइम, ते किमान ३ एकक असावं असं मानक म्हणतं. पातेल्यात ते मोजण्याइतकंही उरलं नव्हतं. थोडक्यात, मी आत्याला आणून दिलेला मध मानकात बसत होता आणि तिने शुद्ध केलेला बसत नव्हता. एचएमएफ म्हणजे विष असं मी म्हणत नाही. भाजलेल्या कॉफीत तो याहून कितीतरी जास्त असतो. मधात तो फक्त सांगतो की हा मध तापलाय किंवा जुना झालाय.

यासाठी उकळायलाच लागतं असंही नाही. ४० अंशांना ठेवलेल्या मधात ३० मिलिग्रॅम एचएमएफ व्हायला साधारण २० ते ५० दिवस पुरतात, आणि डायस्टेज महिन्याभरात निम्मं होतं. नागपूरचा मे महिना आठवा आणि टिनाच्या छपराखालचं एखादं गोदाम आठवा. उन्हाळाभर तिथे राहिलेला, कुणी काही न मिसळलेला मधही नापास होऊ शकतो.

पाण्यातल्या थेंबाबद्दल आत्यालाच विचारलं, "लाडवाचा पाक झाला की नाही ते कसं बघतेस?" "वाटीत पाणी घेऊन थेंब टाकते, गोळी झाली की…" आणि थांबली. साखरेचा पाकच तो. दाट असला की तळाशी जातो, विखुरत नाही. मधाची घनता २७ अंशांना पाण्याच्या किमान १.३५ पट असावी असं मानक सांगतं, आणि तेवढा दाट पाक कोणीही गॅसवर बनवू शकतो.

वातीचं थोडं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. मधात पाणी ओतलेलं असेल तर वात तडतडते, नीट पेटत नाही. एफएसएसएआयच्या घरगुती चाचण्यांच्या पुस्तिकेतही थेंब आणि वात दोन्ही आहेत, त्यामुळे लोकांना तरी काय बोलणार. पण त्यातून पकडला जातो तो आळशी भेसळवाला, ज्याने नुसतं साखरेचं पाणी ओतलं. आणि निर्दोष माणूसही सापडतो. मेळघाट, गडचिरोलीकडच्या आग्या मोहोळाच्या मधात पाणी बरेचदा २० टक्क्यांच्या वर असतं. मानकाची कमाल मर्यादा २० आहे, त्यामुळे तो मध भेसळीचा नसूनही नापास ठरतो. असा मध काही दिवसांत आंबतो, वर बारीक फेस येतो, झाकण उघडलं की फुस्स होतं आणि ताडीसारखा वास येतो. ओळखायचं असेल तर हे ओळखा.

शुगरवाल्यांच्या वाक्यावर मला खरा राग आहे, कारण आतोबांना १५ वर्षांपासून मधुमेह आहे आणि ते रोज सकाळी दोन चमचे मध घ्यायला लागले होते. वरचे आकडे पुन्हा बघा. फ्रुक्टोज आणि ग्लुकोज मिळून ७५ टक्के. मानकच म्हणतं की अशा साखरा किमान ६५ टक्के असल्याच पाहिजेत, नाहीतर तो मध नाही. मोठा चमचा, म्हणजे २० ग्रॅम मध घेतला की १५ ग्रॅम साखर पोटात गेली.

कुत्र्याचं मी सोडून देतो.

मग घरी ओळखायचं कसं? हुशार भेसळ घरी ओळखता येत नाही. उसाची साखर आम्लाने फोडली की फ्रुक्टोज आणि ग्लुकोज निम्मं-निम्मं मिळतं, गुणोत्तर १. मानकात हे गुणोत्तर ०.९५ ते १.५० चालतं, म्हणजे हा पाक त्यात आरामात बसतो. सुक्रोजही ५ टक्क्यांच्या आत राहतं. ऊस आणि मका यांच्यातल्या हलक्या-जड कार्बन अणूंचं प्रमाण बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळं असतं, म्हणून हे प्रमाण मोजणाऱ्या समस्थानिकांच्या चाचणीत ते पकडले जातात. तांदळाचा कार्बन मात्र बहुतेक फुलझाडांसारखाच, त्यामुळे तांदळाचं सिरप तिथूनही निसटतं. २०२० च्या डिसेंबरात सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेने १३ ब्रँडचा मध तपासला. भारतातल्या नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक पास झाले. जर्मनीत एनएमआर, म्हणजे चुंबकाने रेणूंची ठेवण वाचणारी चाचणी केली तेव्हा १३ पैकी १० ब्रँड नापास. जे यंत्रांना चकवतं ते वातीने कसं सापडणार? आमच्या प्रयोगशाळेतही समस्थानिकांची सोय नाही, त्यामुळे आत्याच्या मधात सिरपचा थेंबही नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तो गोठला म्हणून भेसळीचा ठरत नाही, एवढं मात्र नक्की सांगतो.

गोठलेला मध पातळ करायचाच असेल तर पातेलं गॅसवर ठेवून त्यात गरम पाणी घ्या, गॅस बंद करा, पाण्यात बोट सहज ठेवता येईल इतकं निवू द्या, आणि मग बाटली झाकण लावून त्यात ठेवा. पाणी गार झालं की बदला. दोन-तीन तास लागतात. अर्धवट गोठलेला तसाच ठेवू नका, कारण ग्लुकोज खाली बसलं की वरच्या पातळ थरात पाण्याचं प्रमाण वाढतं आणि तोच थर आधी आंबतो. एकतर पूर्ण पातळ करा, नाहीतर नीट ढवळून घट्टच पोळीला लावा.

दुसरी बाटली मी तशी करून आत्याला नेऊन दिली. तिने झाकण उघडून वास घेतला, बोटाने चाखला. "मध गरम करू नये म्हणतात आयुर्वेदात, मला माहीत होतं बाप्पा," ती म्हणाली. मग चष्मा लावून मोबाइल पुढे केला. "पण हे तुझ्या काकूनंच पाठवलं होतं. तिला तू सांग."