सरांचं पेटंट ‘ग्रँट’ झालंय, नुसतं ‘पब्लिश’ नाही

आमच्या कॉलेजातल्या मेकॅनिकलच्या सरांना पेटंट मिळालं. दोन दिवस ग्रुपवर फुलांचे गुच्छ नि टाळ्या चालल्यात, पण पेटंट नेमकं कशाचं ते विचारलं तर निम्म्यांनी ‘गुळाच्या मशीनचं’ म्हणून सांगितलं. गुळाच्या मशीनचं नाही. पेटंट काहील कधी उतरवायची ते ओळखण्याचं आहे, आणि हे प्रकरण मशीनपेक्षा जास्त मजेशीर आहे.

आपल्याकडे गुऱ्हाळ बघितलं नाही असा माणूस विरळा. रस काहिलीत पडतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते, ती काढून टाकतात, चुलवाणात चिपाड चालू असतं. इथपर्यंत सगळं निवांत. खरी परीक्षा शेवटच्या काही मिनिटांत असते. लवकर उतरवली तर गूळ चिकट राहतो, ढेप बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. उशीर झाला तर करपून काळा पडतो. गुळव्या थेंबभर पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि हात वर करतो. त्याच्या एका हातावर पूर्ण आदणाचा भाव ठरतो.

आता कुणीही म्हणेल, थर्मामीटर लावा की. पुस्तकात लिहिलेलंच आहे, साधारण 118 अंशाला गूळ तयार. पाणी उडून साखर दाट होत जाते तसं उकळायचं तापमान चढत जातं, म्हणून तापमानावरून पाक किती आटला ते कळतं. तत्त्व बरोबर आहे. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे, इथं साधं पाणीच साडेसत्त्याण्णव अंशाच्या आसपास उकळतं. म्हणजे पुस्तकातला आकडा तसाच धरला तर आपल्याकडे पाक दोन-अडीच अंश जास्त शिजतो. हे एवढंच असतं तर वजाबाकी करून भागलं असतं.

दुसरी अडचण उसाची. ऊस पडलेला असला किंवा तोडून दोन-चार दिवस तसाच राहिला, तर त्यातल्या साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतो. अशा रसाचं उकळणं जास्त चढतं. थर्मामीटर ठरलेला आकडा दाखवतो, पण पाकात पाणी अजून शिल्लक असतं, गोळी जमत नाही. सरांबरोबर गुऱ्हाळावर गेलो होतो तेव्हा तिथला गुळव्या तापमानाकडं न बघताच म्हणाला, “आकडा काय सांगतोय ते सांगू दे ओ सर, ऊस पडलेला हाय. पाक अजून हलकाच हाय.” त्याला ते हातातल्या फावड्याच्या जडपणावरून कळत होतं. सरांनी तो जडपणा पकडला.

काहिलीत पाक ढवळणाऱ्या दांड्याला मोटर असते. पाक जड झाला की मोटरला जोर लागतो आणि ती करंट जास्त ओढते. सरांची रचना तो करंट आणि तापमान एकत्र वाचते. दोन्ही ठरलेल्या नात्यानं चढत असतील तर ठीक. तापमान वर गेलं आणि जडपणा मागं राहिला, तर रस फुटलेला आहे असं धरून उतरवायची खूण आपोआप पुढं सरकते. शिवाय सुरुवातीला त्या जागी पाणी किती अंशाला उकळतं ते मोजून घेते, त्यामुळं घाटावर नि घाटाखाली वेगळा तक्ता लागत नाही.

आता पेटंटकडे. अर्ज 2021 चा. कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या कार्यालयात जातात. इथून तासाभरावर चंदगडात कुणी अर्ज केला असता तर तो मुंबईला गेला असता, पण मिळालेला हक्क दोन्हीकडे सारखाच, अख्ख्या भारतात चालणारा. (अर्ज इंग्रजीत नाहीतर हिंदीत करायचा असतो, त्यामुळं मराठी की कन्नड हा वाद तिथं उद्भवत नाही!)

अर्ज केला की साधारण अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो. जादा फी भरली तर त्याआधीही. यालाच ‘पेटंट पब्लिश झालं’ म्हणतात आणि बहुतेक सत्कार इथंच उरकले जातात. तोवर कुणी तो तपासलेलाही नसतो. तपासणी वेगळी मागावी लागते. आणखी एक प्रकार म्हणजे डिझाईनची नोंदणी. ती वस्तूच्या दिसण्याची असते, ती कशी चालते याच्याशी तिचा संबंध नाही, पण फ्रेममध्ये घातली की सर्टिफिकेट सारखंच दिसतं. मला कुणाच्या शालीवर हात टाकायचा नाही, पण तिन्ही गोष्टींना एकच नाव देणं बरोबर नाही. ओळखायचं असेल तर पेटंट कार्यालयाच्या शोध संकेतस्थळावर अर्ज क्रमांक फुकट टाकून बघता येतो. क्रमांक बारा आकडी असतो: पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा, चेन्नईसाठी 4. तिथं स्थिती ग्रँटेड अशी दिसली तरच मिळालं.

तपासणीत सरांची चांगली हजेरी घेतली. कायद्याच्या कलम 3 मध्ये पेटंट कशाला नाही त्याची यादी आहे. माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध धरत नाहीत. हरकत नेमकी तीच होती: थर्मामीटर जुना, करंट मोजणं जुनं, यात नवीन काय? सरांनी उत्तरात एकाच शेतातल्या ताज्या आणि शिळ्या उसाची आदणं शेजारी ठेवून दाखवली. नुसत्या तापमानानं शिळ्या उसाचा गूळ सैल राहिला, नुसत्या करंटनं ताज्याचा करपला, आणि दोन्ही जोडल्यावर दोन्ही बसले. एकाचं वाचन दुसऱ्याची खूण बदलतं, हे पटल्यावरच पुढं सरकलं.

तरीही मूळ अर्जातला मोठा दावा गेला. सरांनी आधी ‘कोणताही गोड पाक’ असं लिहिलं होतं. ते कापून उसाच्या रसापुरतं आणि मोटरवर चालणाऱ्या ढवळणीपुरतं झालं. काहींना वाटतं पेटंट छोटं झालं. माझ्या मते उलट आहे. जो दावा तपासणीत टिकला, तोच उद्या कुणी नक्कल केली तर वादात टिकायची शक्यता जास्त.

गुऱ्हाळवाल्यांना आता पैसे भरावे लागतील का, असं दोघातिघांनी विचारलं. नाही. गोळीची परीक्षा, भेंडी, थर्मामीटर, हे सगळं आधीपासून सगळ्यांचं आहे आणि परंपरेनं चालत आलेल्या ज्ञानाला पेटंट मिळतही नाही. सरांची जोडणी कुणी विकायला काढली किंवा परवानगीशिवाय वापरली, तरच प्रश्न येतो. अर्जदार कॉलेज असल्यानं मालकी कॉलेजची, सर संशोधक. मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, म्हणजे 2041 पर्यंत, तीही नूतनीकरणाची फी भरत राहिलं तर. ती भरायचं विसरल्यामुळं कितीतरी पेटंटं मधेच संपतात.

आणि एक काम अजून बाकी आहे. ही रचना आजवर एकाच गुऱ्हाळावर बसवली आहे. पेटंट मिळाल्यापासून तीन वर्षांत ती देशात पुरेशी वापरात आली नाही, तर दुसरा कुणीही सक्तीचा परवाना मागू शकतो. उद्यमबागेत मोटर नि पॅनेलचं काम करणाऱ्या कुणाला हे बनवायला घ्यायचं असेल तर मला कळवा, सरांशी गाठ घालून देतो. सर परवान्यासाठी कॉलेजशी बोलायला तयार आहेत, मात्र पहिल्या हंगामात गुळव्याला शेजारी उभा करूनच चालवायचं, ही त्यांची अट आहे.