आधी फीचर निवडून मग क्रॉस व्हॅलिडेशन? पेपरात असं लिहू नका

"उद्याच्या एमएल पेपरसाठी एवढंच पाठ करा. 1) ट्रेनिंग ॲक्युरसी 100 टक्के आली म्हणजे ओव्हरफिटिंग. 2) टेस्टवर ॲक्युरसी कमी आली तर सेटिंग बदला, चांगली येईपर्यंत पुन्हा टेस्ट करा. 3) आधी पूर्ण डेटावर स्केलिंग आणि फीचर सिलेक्शन करून घ्या, मगच क्रॉस व्हॅलिडेशन. 4) क्रॉस व्हॅलिडेशन लावलं की ओव्हरफिटिंग जातं. सगळ्यांना फॉरवर्ड करा."

माझी भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने हा मेसेज पाठवून विचारलं, "मामा, एवढं पुरेल ना?" सोबत वहीच्या पानाचा फोटो होता आणि तिसऱ्या मुद्द्याखाली लाल रेघ ओढलेली होती. नेमक्या ज्या वाक्याने उत्तर चुकतं, तेच वाक्य मुलं घोकतायत. म्हणून सुरुवात तिसऱ्यापासूनच करतो.

हेस्टी, तिबशिरानी आणि फ्रीडमन यांच्या 'द एलिमेंट्स ऑफ स्टॅटिस्टिकल लर्निंग' या पाठ्यपुस्तकाच्या सातव्या प्रकरणात याच चुकीवर एक प्रयोग दिला आहे. 50 नमुने घेतले, निम्मे एका वर्गातले, निम्मे दुसऱ्या. प्रत्येक नमुन्याला 5000 फीचर, आणि ते सगळे यादृच्छिक आकडे. वर्गाशी एकाही फीचरचा संबंध नाही. अशा डेटावर कोणतंही मॉडेल लावा, खरी चूक 50 टक्केच राहणार, कारण शिकण्यासारखं त्यात काहीच नाही. आता मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे करायचं: सगळे 50 नमुने आणि त्यांची लेबलं वापरून वर्गाशी सर्वाधिक सहसंबंध दाखवणारे 100 फीचर निवडायचे, आणि मग फक्त त्या 100 फीचरवर 1-निअरेस्ट नेबर लावून क्रॉस व्हॅलिडेशन करायचं. हा प्रयोग 50 वेळा केल्यावर क्रॉस व्हॅलिडेशनची सरासरी चूक आली 3 टक्के. 50 च्या जागी 3! पद्धत साफ निरुपयोगी, आणि आकडा सांगतो 97 टक्के बरोबर.

हे कसं घडतं तेही नीट समजून घ्या, कारण 'का' विचारलं की पाठांतर कामाला येत नाही. नमुने फक्त 50 असले की निव्वळ यादृच्छिक फीचरचाही लेबलाशी थोडाफार सहसंबंध दिसतोच. त्याचं प्रमाणित विचलन साधारण 0.14 असतं. असे 5000 फीचर चाळून वरचे 100 काढले, तर त्यातल्या प्रत्येकाचा सहसंबंध, धन असो की ऋण, योगायोगानेच 0.33 च्या आसपास किंवा त्याहून जास्त निघतो. हे 100 निवडताना आपण सगळ्या 50 लेबलांकडे पाहिलेलं असतं. पुढे 5 फोल्ड केले आणि 10 नमुने बाजूला ठेवले, तरी त्या 10 जणांची लेबलं निवडीत आधीच वापरली गेली आहेत. मॉडेलला त्या ओळी दिसल्या नाहीत हे खरं, पण कोणते स्तंभ ठेवायचे हे ठरवताना त्या ओळींचंही मत धरलं गेलं होतं. म्हणून बाजूला ठेवलेला फोल्ड अनोळखी उरतच नाही. यालाच डेटा लीकेज म्हणतात, आणि उत्तरात हा शब्द यायलाच हवा.

चूक आणि दुरुस्ती यांत कोडचा फरक दोन ओळींचा आहे. हे चुकीचं:

```python
X2 = SelectKBest(k=100).fit_transform(X, y)
cross_val_score(KNeighborsClassifier(1), X2, y, cv=5)
```

आणि हे बरोबर:

```python
p = make_pipeline(SelectKBest(k=100), KNeighborsClassifier(1))
cross_val_score(p, X, y, cv=5)
```

दुसऱ्या प्रकारात फीचरची निवड प्रत्येक फोल्डसाठी नव्याने होते, तीही उरलेल्या चार फोल्डांवरच. त्यामुळे पाचही वेळा निवडलेले 100 फीचर वेगवेगळे निघू शकतात. त्यात काही बिघडत नाही, तसंच व्हायला हवं. यादृच्छिक डेटावर ही पद्धत सरासरी 50 टक्क्यांच्या आसपासचा खरा आकडा देते. आपल्या प्रक्रियेत गळती आहे का हे तपासायचं असेल तर लेबलं आपापसात फेटा आणि फीचर निवडीपासून सगळं पुन्हा चालवा. दोन समान वर्ग असतील तर ॲक्युरसी 50 च्या जवळ यायला हवी. फेटलेल्या लेबलांवरही 90 आली, तर कुठेतरी लेबल फुटलंय.

स्केलिंगबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. सरासरी आणि विचलन काढताना लेबल वापरलं जात नाही, त्यामुळे पूर्ण डेटावर स्केलिंग केल्याने होणारं नुकसान बहुतेक वेळा किरकोळ असतं. वर सांगितलेलं पुस्तकही लेबल न पाहता केलेल्या चाळणीला हरकत घेत नाही. तरी पेपरात स्केलिंग ट्रेनवर फिट करून टेस्टवर नुसतं लागू करायचं, असंच लिहा. तेवढ्यावर गुण जाऊ देऊ नका.

आता दुसरा मुद्दा. समजा टेस्टमध्ये 100 ओळी आहेत आणि 20 मॉडेलं आहेत, सगळी नुसता अंदाज मारणारी. प्रत्येकाची खरी ॲक्युरसी 50, पण 100 ओळींवर ती 5 टक्के विचलनाने वरखाली होणार. या 20 मधलं सर्वोत्तम निवडलं की ते सरासरीने 59 च्या आसपास दिसतं. मॉडेल सुधारलेलं नसतं, आपण फक्त सगळ्यात नशीबवान आकडा उचललेला असतो. म्हणून सेटिंग निवडायची ती व्हॅलिडेशनवर किंवा क्रॉस व्हॅलिडेशनवर, आणि टेस्ट उघडायची ती शेवटी, एकदाच. 1000 ओळी असतील तर 200 टेस्टला काढून ठेवा, उरलेल्या 800 चे 160-160 चे पाच फोल्ड करा. प्रत्येक फेरीत 640 वर शिकायचं, 160 वर मोजायचं. पाच फेऱ्यांत 82, 79, 84, 80, 75 आले तर सरासरी 80. सेटिंग ठरली की पूर्ण 800 वर मॉडेल पुन्हा शिकवा आणि मग त्या 200 कडे जा.

यातच चौथ्याचं उत्तर आलं. क्रॉस व्हॅलिडेशन मोजतं, मॉडेलमध्ये काही बदलत नाही. ओव्हरफिटिंग कमी होतं ते झाडाची खोली कमी केल्याने, रेग्युलरायझेशनने किंवा जास्त डेटाने. त्यातलं किती हवं, हे क्रॉस व्हॅलिडेशन सांगतं.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. 100 टक्के दिसले की संशय घ्यावा, पण निकाल देऊ नये. 1-निअरेस्ट नेबरचा ट्रेनिंग स्कोअर जवळपास नेहमीच 100 येतो, कारण प्रत्येक बिंदूचा सर्वात जवळचा शेजारी तो स्वतःच असतो. त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. पेपरात दोन आकडे देतात तेव्हा दोन्ही वाचा: ट्रेन 98 आणि व्हॅलिडेशन 71 असेल तर ओव्हरफिटिंग. ट्रेन 62 आणि व्हॅलिडेशन 60 असेल, आणि त्या कामात याहून बरंच चांगलं जमणं शक्य असेल, तर अंडरफिटिंग. तिथे मॉडेल आणखी सोपं करा असं लिहिलंत तर उत्तर उलटं होईल.